कारखान्याच्या कामातून उरलेला नफा

माझ्या सासूबाईंची मेस आहे. विद्यापीठाच्या रस्त्याला आमचं घर, खाली मेस, वर एक खोली भाड्यानं दिलेली. मी एम.कॉम. झालेली बाई, पण ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांच्यातला फरक मला वर्गात कळला नाही, तो या मेसमध्ये कळला, आणि पुढं माझं पोट त्यावरच चाललं. म्हणून आधी मेसचं सांगते.

पोरांनी महिन्याचे डबे लावले, पैसे आले. त्यातून गहू, डाळ, तेल, भाजी वजा केलं की जे उरतं तो ढोबळ नफा. मग पोळ्या लाटणाऱ्या बायांचा पगार, गॅस, वीज, डबे पोचवणाऱ्याचं पेट्रोल. ते भागवून उरलं ते मेस चालवून खरोखर हाती आलेलं. त्यातून बँकेचं व्याज जातं, मोठा मिक्सर दरसाल झिजतो त्याचं काहीतरी धरावं लागतं, कर जातो. शेवटी पदरात पडतं ते निव्वळ. आणि वरच्या खोलीचं भाडं? ते घरात येतं, त्यावर सण साजरे होतात, पण ते काही वरण-भात विकून आलेलं नसतं. निव्वळात ते धरायचं, मेसच्या कमाईत नाही. एवढं साधं आहे. कॉलेजात हेच शिकवायला आम्ही अख्खं सत्र घालवायचो आणि पोरं तरी नापास व्हायची.

मी कॉलेजात शिकवायचे तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घ्याल तेवढे पैसे, सुट्टी लागली की हरी हरी. एका जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं की यंदा तुमच्या तासांची गरज दिसत नाही. मी घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. माझा स्वभावच तसा आहे, राग आला की मी भांडी घासायला बसते, आणि मेसमध्ये भांड्यांना तोटा नव्हता. नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा, पोरीची शाळेची फी तोंडावर आलेली. सासूबाई म्हणाल्या, तू इंग्रजीचं मराठी लई नीट करतीस, ते कर की कुठं. त्यांना काय माहीत, जगात ते काम मिळवणं म्हणजे काय दिव्य असतं.

पण मिळालं. चिकलठाण्याला मुख्य कार्यालय असलेली, मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती. शेअर बाजारात नोंदलेली, म्हणून दर तिमाहीला निकाल जाहीर करणं तिला भाग. निकालासोबत इंग्रजीत प्रसिद्धिपत्रक निघायचं आणि त्याचं मराठी इथल्या वर्तमानपत्रांना जायचं. आधी ते मुंबईची एक एजन्सी करायची. त्यांनी एका पत्रकात ढोबळ नफ्याला ‘स्थूल नफा’ लिहिलं होतं. छापूनही आलं तसंच. कंपनी सेक्रेटरी मॅडमनी ते वाचलं आणि त्यांचं डोकं फिरलं. मग त्यांनी ओळखीपाळखीत चौकशी करून मला शोधून काढलं.

या मॅडम माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. इस्त्रीची सुती साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं तुटक. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतलं, निजामाच्या काळापासून, आणि कागदावरचा शब्द चुकला की त्यांना तो खड्यासारखा बोचायचा. पहिल्याच भेटीत त्यांनी मला चहाही न विचारता सांगितलं की वित्तप्रमुख साहेबांना भाषांतरासाठी माणूस नको आहे. साहेब पुण्याचे, दर सोमवारी गाडीनं यायचे. त्यांचं म्हणणं, हल्ली यंत्र फुकटात मराठी करून देतं. मॅडमनी भांडून माझ्यासाठी चार तिमाह्या मागून घेतल्या होत्या. चौथीनंतर निर्णय.

कामाची पद्धत मला फार आवडली, खरं सांगते. निकाल जाहीर होईपर्यंत आकडे गुप्त. ते ज्याला ज्याला कळतात त्याचं नाव कंपनीकडं नोंदवलं जातं, तसं माझंही नोंदलं. मला त्या कंपनीचा शेअर घ्यायला किंवा विकायला बंदी, घरच्यांनाही तेच, आणि तोंडाला कुलूप. संचालकांच्या बैठकीच्या दिवशी मी सकाळी रिक्षानं तिथं जायचे. मोबाईल मॅडमच्या खणात ठेवायचा, बाजूच्या लहान खोलीत त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसायचं. समोर इंग्रजी मसुदा आणि निकालाचा तक्ता. बैठक दुपारी. ती संपली की अर्ध्या तासात निकाल आणि पत्रक शेअर बाजाराकडं जायचं, आणि मग संध्याकाळी माझं मराठी पत्रकारांकडं. सासूबाईंना याची भारी गंमत वाटायची. निघताना मला म्हणायच्या, चालली आमची गुप्त पोलीस.

पहिल्याच तिमाहीत मी एक सवय लावून घेतली. ‘ऑपरेटिंग प्रॉफिट’ला ‘कार्यचालन नफा’ असा कोशातला शब्द आहे, पण तो वाचून जवळच्या करमाड गावच्या माणसाला काय कळणार? आणि या कंपनीचे शेअर करमाडच्या माणसांकडं होते. तिथल्या कितीतरी जणांची पोरं याच कारखान्यात लागलेली. मी ‘कामकाजातील नफा’ असं लिहायचे, आणि पहिल्यांदा तो शब्द आला की पुढं एक वाक्य जोडायचे: म्हणजे मालाच्या विक्रीतून कच्चा माल, पगार, वीज, वाहतूक असे चालू खर्च भागवून उरलेला, कारखान्याच्या कामातून झालेला नफा, ठेवींवरील व्याजासारखे इतर उत्पन्न यात धरलेले नाही. कंपनी घसारा, म्हणजे यंत्रांची झीज, आणि व्याज त्यानंतर वजा करायची, तेही लिहायचे. हे सगळं मी मॅडमना विचारून पक्कं केलेलं, कारण या शब्दात काय धरायचं हे प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीनं ठरवते. कुणी घसारा आधी वजा करतं, कुणी नंतर. कोश उघडून हे कळत नाही, विचारावंच लागतं.

आणि वाक्य लिहिलं की मी ते तक्त्यावर घासून बघायचे. तक्त्यात कामकाजातील नफा अशी ओळ नसते. कामकाजातून मिळालेला महसूल एका ओळीत, इतर उत्पन्न दुसऱ्या, मग खर्चाच्या ओळी. महसुलातून माल वजा केला की पत्रकातला ढोबळ नफा जुळायला हवा. त्यातून पगार आणि इतर खर्च वजा केले की कामकाजातला. हे कुणी मला करायला सांगितलं नव्हतं. पण मी जे वाक्य मराठीत लिहिते ते खरं आहे का, हे मलाच माहीत नसेल तर माझ्या लिहिण्याला अर्थ काय? तीन तिमाह्या सगळं चोख जुळलं.

चौथी तिमाही आली. मसुद्याचा मथळाच मोठा झोकात होता, तिन्ही नफ्यांत वाढ. मी खूश झाले, कारण तिन्ही क्रियापदं एकाच दिशेला गेली की मराठी वाक्य कसं सपाट धावतं. ढोबळ नफा जुळला. पोलाद स्वस्त झालं होतं, त्यानं तो बराच वाढलेला. मग मी कामकाजातल्या नफ्याचं माझं नेहमीचं वाक्य लिहिलं, इतर उत्पन्न यात धरलेले नाही, आणि वजाबाकीला बसले.

जुळेना. पत्रकातला आकडा माझ्यापेक्षा जास्त. मी म्हटलं, बाई गं, झोप झाली नाही तुझी. पुन्हा केली. तीच तफावत. मग तक्त्यावरून बोट खाली नेता नेता थांबलं. फरक होता तो बरोबर इतर उत्पन्नाच्या ओळीतल्या आकड्याएवढा. त्या तिमाहीत ठेवींचं व्याज आणि विम्याचा दावा दोन्ही आले होते, म्हणून ती ओळ नेहमीपेक्षा फुगलेली. गेल्या वर्षीच्या याच तिमाहीचा आकडा मात्र व्याजबिज न धरता घेतलेला. म्हणजे यंदा वरच्या खोलीचं भाडं मेसच्या कमाईत मिसळलं होतं आणि गेल्या वर्षी नव्हतं. ते बाजूला काढलं तर कामकाजातला नफा वाढला नव्हता, थोडा का होईना घटला होता.

चूक सापडल्याचा आनंद वगैरे काही नाही, भीतीच वाटली. एक तर मी चुकत असेन, आणि एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी तपासलेल्या कागदावर बोट ठेवून माझं हसं होईल. आणि चुकत नसेन तर साहेबांच्या खात्यानं केलेली गोष्ट मी खोडून काढणार, नेमकी ज्या तिमाहीनंतर साहेब माझं काम ठेवायचं की नाही ते ठरवणार त्याच तिमाहीत. पोरीची फी, नवऱ्याची शिफ्ट, सगळं डोळ्यांपुढं आलं. गप्प बसण्याची वाटही समोर होती, तीही कबूल करते. माझं जोडवाक्य काढून टाकायचं. नुसतं ‘कामकाजातील नफा’ लिहिलं की इंग्रजीइतकंच मराठीही बिनबोभाट निघून गेलं असतं. कुणी मला विचारलं नसतं. मी ते वाक्य खोडलंसुद्धा. आणि मग ते रिकामं झालेलं ठिकाण बघून मला इतका राग आला, कुणावर ते माहीत नाही, की मी उठले आणि मॅडमच्या केबिनचं दार वाजवलं.

बैठकीला दोन तास होते. मॅडमच्या टेबलावर कागदांचे ढीग, फोन सारखा वाजत होता. त्यांनी मान वर न करता काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, “मॅडम, हे वाक्य मला मराठीत लिहिता येत नाही.”

“मराठीत काय अडलं?”

“इतर उत्पन्न धरलेलं नाही असं मी दर वेळी लिहिते. यावेळी लिहिलं तर ते खरं राहत नाही. माझी वजाबाकी चुकली असेल, पण एकदा बघा.”

त्यांनी चष्मा वर सरकवला, माझ्या हातचा कागद घेतला. कॅल्क्युलेटर ओढला. फोन वाजला तर उचलून नुसता बाजूला ठेवला. मी उभीच. मला बसा म्हणायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग त्या कागद घेऊन उठल्या आणि मला म्हणाल्या, चला. मला वाटलं होतं त्या एकट्याच जातील.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण तणावात होता, त्या दिवशी कोण नसतं. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं की तुम्हाला आकडे तपासायला सांगितलं होतं का. मी नाही म्हटलं. मग मॅडम बोलल्या. आवाज नेहमीसारखाच, तुटक.

“तपासल्याशिवाय यांना लिहिता येत नाही. शेअर बाजाराकडं जाणाऱ्या कागदावर सही माझी आहे, आणि हे मला यांच्यामुळं कळलं.”

बस, एवढंच. पण मी ते जन्मात विसरणार नाही. त्या स्वतःच शोधल्यासारखं दाखवू शकल्या असत्या. मला बाहेर ठेवून आत जाऊ शकल्या असत्या, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नसतं. त्यांनी मला सोबत नेलं आणि माझ्या देखत श्रेय मला दिलं. कॉलेजात इतकी वर्षं तास घेतले, पण तिथं माझ्यासाठी असं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. मला तिथंच रडू येईल असं वाटलं. आलं नाही, नशीब.

साहेबांनी खात्यातल्या माणसाला बोलावलं. उलगडा झाला. बँकेला दर तिमाहीला एक वेगळा तक्ता द्यावा लागतो, त्यात बँकेच्या रीतीप्रमाणं इतर उत्पन्न धरूनच नफा काढतात. पत्रकात आकडा भरताना नजरचुकीनं यंदाचा त्या तक्त्यातून घेतला गेला आणि गेल्या वर्षीचा जुन्या पत्रकातून. निकालाच्या तक्त्याला कुठंच धक्का नव्हता, निव्वळ नफाही बरोबर होता, कारण त्यात इतर उत्पन्न येतंच. चूक होती ती पत्रकातल्या त्या एका शब्दापुढच्या आकड्यात, आणि त्यावर बेतलेल्या मथळ्यात.

मसुदा दुरुस्त झाला, संचालकांपुढं दुरुस्त मसुदाच गेला. दुपारनंतर नवा मथळा माझ्याकडं आला आणि मी मराठी केलं: निव्वळ नफ्यात वाढ, वीज व वाहतूक खर्चामुळे कामकाजातील नफ्यात किंचित घट. खोडलेलं वाक्य मी परत जागेवर बसवलं. खणातून मोबाईल घेताना मॅडम फोनवर होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ चांगला की वाईट, यावर मी रिक्षात घरापर्यंत विचार केला. पुढचं काम मिळणार की नाही हे कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई भाजी निवडता निवडता पेपर वाचत होत्या. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बायांनाही बातम्या कळतात. आतल्या पानावर ती बातमी होती, माझं वाक्य जसंच्या तसं छापलेलं. निकाल आता जाहीर झालेला, त्यामुळं मला गप्प राहायचं कारण नव्हतं, तरी मी मुद्दाम बोलले नाही. पोळ्यांच्या तव्याशी उभी राहून ऐकत राहिले. त्यांनी ते सावकाश वाचलं, मध्ये थांबल्या, पुन्हा वाचलं.

मग म्हणाल्या, “म्हंजी धंदा जरा खाली आला, वरच्या खोलीनं तारलं. व्हय ना गं?”

मी म्हटलं, “व्हय आई, अगदी तसंच.” आणि तोंड फिरवून तवा पुसायला लागले. आदल्या दिवशी न आलेलं रडू आता आलं. ज्या बाईला मी कारखान्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं, तिला ते आकडे जसे होते तसे पोचले होते. जुना मथळा गेला असता तर तिनं मान डोलावली असती आणि म्हटलं असतं, चांगलं चाललंय त्यांचं. करमाडच्या माणसांनीही तेच म्हटलं असतं.

पुढचे तीन महिने मी मेसमध्ये जास्त वेळ काढला. भांडी लई घासली. चौथी तिमाही होऊन गेली होती, फोन नव्हता. नवरा म्हणायचा, तू बरोबर केलंस, आणि मी त्याच्यावरच खेकसायचे की बरोबर करून फी भरता येते का. पोरीची फी सासूबाईंनी खोलीच्या भाड्यातून भरली. मी काही म्हणायच्या आत त्यांनी विषय बदलला. त्यांचीही मी तेवढीच ऋणी आहे, ते इथं लिहून ठेवते.

निकालाच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. गुरुवारी बैठक आहे, वेळेवर या, एवढंच. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर जीव भांड्यात पडला, पण मी मनाशी म्हटलं, एकदा जाऊन बघू, कदाचित शेवटचंच असेल.

गुरुवारी तीच लहान खोली, तोच कॉम्प्युटर. यावेळी टेबलावर चहाचा कप आधीच ठेवलेला होता. मी मसुदा उघडला. इंग्रजी पत्रकात कामकाजातल्या नफ्याच्या आकड्याखाली एक नवी टीप आली होती, आधीच्या कुठल्याच मसुद्यात नसलेली. इंग्रजीत लिहिलं होतं की या कंपनीच्या पत्रकात हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ असा: विक्रीतून कच्चा माल, पगार, वीज, वाहतूक असे चालू खर्च वजा जाता, घसारा आणि व्याज वजा करण्यापूर्वी, कारखान्याच्या कामातून उरलेला नफा, ठेवींवरील व्याजासारखे इतर उत्पन्न यात धरलेले नाही.

मी ती टीप परत परत वाचली. शब्दांचा क्रमसुद्धा माझाच होता, कच्चा माल आधी, मग पगार, मग वीज, मग वाहतूक. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, साहेबांनी घातली आहे ती, आणि यापुढं दर तिमाहीला राहणार. तुमचं कामही तसंच. मग त्यांचा फोन वाजला आणि त्या गेल्या.

मी चहा प्यायले. मग तक्ता पुढं ओढून वजाबाकी केली. जुळली. टिपेचं मराठी करायला काहीच करावं लागलं नाही, मागच्या पत्रकातून माझं वाक्य उचलून आणलं आणि त्याच्या जागी ठेवलं.